फायनल रविवारी संपली, आभाराचा मेसेज बुधवारी गेला

आमचं गाव अमळनेरपासून दहा-बारा किलोमीटरवर. दरवर्षी जानेवारीत, भरिताची वांगी जोरात असतात तेव्हा, आम्ही कबड्डीची स्पर्धा भरवतो. यंदा १६ संघ, दोन दिवस, आणि पहिल्यांदाच मातीऐवजी मॅटवर. शनिवारी दुपारी ३ ला पहिला सामना आणि रविवारी रात्री पावणेबाराला फायनलची शेवटची शिट्टी. सोमवारी सकाळी आम्ही मॅट उचलत होतो तर तिथेच सगळे म्हणायला लागले की भाऊ निकाल टाका, देणगीदारांची नावं टाका, आभार टाका, लोक वाट पाहून राहिले. मागच्या तीन वर्षांपासून हा मेसेज मीच लिहितो म्हणून माझ्याकडेच आलं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम आहे. तीन रात्री लागल्या. त्या तीन रात्रीत काय काय झालं ते सगळं लिहून ठेवतोय, कारण आमच्या आजूबाजूच्या गावातली पोरं पण स्पर्धा भरवतात आणि त्यांनाही हेच करावं लागतं.

सुरुवात निकालापासून करतो कारण पहिली चूक तिथेच झाली.

रविवारी रात्री घरी येता येता मी मोबाईलवरच टाकून दिलं, सेमीफायनल पारोळा २९, धरणगाव २७. गुणफलकाचा फोटोच होता ना माझ्याकडे, दोनशे लोकांकडे होता. सोमवारी सकाळी आमचे गुणलेखक सर, तालुक्याच्या शाळेत पीटी शिकवतात, त्यांचा फोन. म्हणे दादा, ३१-२७ आहे, गुणपत्रक बघ आधी. मी गुणपत्रक घेऊन बसलो आणि खरंच ३१ होते. पारोळ्याचे पहिल्या हाफचे १५ आणि दुसऱ्याचे १६. मग दुसऱ्या बाजूने जुळवलं, चढाईचे १४ (त्यात ३ बोनस), पकडीचे ११, समोरचा अख्खा संघ दोनदा बाद केला ते दोन लोण म्हणजे ४, आणि समोरच्याच्या चुकांचे २. चौदा अन् अकरा पंचवीस, अन् चार एकोणतीस, अन् दोन एकतीस. दोन्हीकडून एकच आकडा आला की समजायचं पत्रक बरोबर आहे. एकाच बाजूने मोजलं तर चूक सापडत नाही, दोन्ही बाजूने मोजा.

मग फलकावर दोन कमी कसे? तर पहिला हाफ संपता संपता पारोळ्याने धरणगावचा शेवटचा गडी पकडला, म्हणजे पकडीचा एक गुण आणि लोणचे दोन, एकदम तीन. त्याच वेळी हाफची शिट्टी, लोक उठले, पाणी प्यायला पळाले, फलकावर बसलेल्या नववीतल्या पोराने पकडीचा एक उलटवला आणि लोणचे दोन राहिले ते शेवटपर्यंत राहिले. पोराची चूक मी म्हणणारच नाही. आम्ही त्याला मैदानाच्या त्या टोकाला बसवलं होतं जिथून त्याला गुणलेखकांचं टेबल दिसतच नव्हतं, तो बिचारा गर्दीच्या ओरडण्यावरून गुण लावत होता. पंचांनी निकाल पत्रकावरूनच जाहीर केला, दोन्ही कॅप्टनच्या सह्या पत्रकावर आहेत, पण माईकचा आवाज फटाक्यात गेला आणि लोकांच्या डोळ्यात फलक राहिला. जिंकणारा तोच होता म्हणून ठीक, पण धरणगावच्या पोरांना आपण दोनच गुणांनी हरलो असं वाटत होतं आणि चार गुणांनी हरलो हे त्यांना माझ्या दुरुस्तीतून कळलं, हे मला बरं नाही वाटलं. त्यांच्या कॅप्टनला मी स्वतः फोन केला, पत्रकाचा फोटो पाठवला, तो म्हटला भाऊ आम्ही सही केली तेव्हाच पाहिलं होतं, टेन्शन घेऊ नका. पुढच्या वर्षी फलक टेबलाच्या शेजारी, आणि प्रत्येक लोणनंतर गुणलेखक हात वर करतील, फलकवाला गुण लावून दाखवेल, मगच पुढची चढाई.

तर निकाल रात्री नाही टाकायचा. मॅटवरून उतरल्यावर डोकं चालत नाही. सकाळी पत्रकं घेऊन बसायचं, दोन माणसांनी बसायचं, एकाने वाचायचं आणि एकाने लिहायचं.

अजून एक अडचण आली, आमच्याच गावाच्या क्वार्टर फायनलची. आमची धरणगावशी २७-२७ बरोबरी झाली आणि मग पाच-पाच चढाया झाल्या त्यात ते ७-५ ने जिंकले. आता हे लिहायचं कसं? एका पोराने लिहून आणलं धरणगाव ३४, आपलं गाव ३२. बेरीज बरोबर आहे पण मला पटलं नाही. त्या पाच चढायांत नियमच वेगळे असतात, गडी बाद होऊन बाहेर जात नाही, कोणी जिवंत होत नाही, सातच्या सात गडी मैदानात राहतात आणि फक्त गुण मोजले जातात. त्यात निदान रेषाच बोनस रेषा पण असते. म्हणजे तो वेगळा हिशोब आहे, चाळीस मिनिटांच्या सामन्यात मिसळायला नको. मी असं लिहिलं, "धरणगाव विजयी, आपला संघ पराभूत, २७-२७, पाच चढायांत ७-५". चाळीस मिनिटं आमच्या पोरांनी त्यांना बरोबरीत धरलं हे त्या ओळीत दिसतं. ३४-३२ लिहिलं असतं तर नसतं दिसलं. आमचा डावा कोपरारक्षक, आयटीआयला जातो, त्याने ती ओळ घरी आईला वाचून दाखवली असं मला नंतर कळलं.

बाकी निकाल असा. पहिल्या सेमीमध्ये चोपड्याने भडगावला ३८-२६ ने हरवलं. तिसऱ्या नंबरसाठी धरणगावने भडगावला ३५-२८. फायनल चोपडा ३३, पारोळा ३०, आणि हे तीन गुण शेवटच्या दीड मिनिटात झाले. चोपड्याचे तीनच गडी मैदानात राहिले होते, पारोळ्याचा रेडर दोन रिकाम्या चढाया मारून तिसरीला आला, म्हणजे करो या मरो, आणि त्या तिघांनी त्याला निदान रेषेच्या आतच उचलला. तीन किंवा कमी गडी असताना पकड केली की एकाचे दोन मिळतात, तर ३०-३० चं ३२-३० झालं आणि शेवटच्या चढाईत एक बोनस. मैदानात माझ्या शेजारी आबा बसले होते, वय ७० च्या वर, त्यांनी त्यांच्या जमान्यात मातीवर खेळलेलं आहे, ते उभेच राहिले.

आता देणगीदार. इथे खरी रात्र गेली.

आमच्याकडे पैसे तीन वाटांनी येतात. एक पावती पुस्तकावर, तिथे नाव नंबर सगळं असतं. दुसरं मोबाईलवर. तिसरं स्टेजवर जाहीर होतं, की अमुक भाऊंकडून उत्कृष्ट चढाईसाठी इतके, आणि टाळ्या. मी सोमवारी रात्री तिन्ही याद्या एका वहीत उतरवल्या आणि जुळेचना. मोबाईलवर आलेल्या रकमांत नावं अशी होती की ते माणूस कोण तेच कळेना. एक ३,१०० रुपये पुण्याच्या एका पोराच्या नावाने आलेले. विचारत विचारत कळलं की देणगी त्याच्या वडिलांची, नानांची, जे आमच्या गल्लीतच राहतात, त्यांना मोबाईलवरून पाठवता येत नाही म्हणून मुलाला सांगितलं होतं. मी जर बँकेच्या मेसेजमधलं नाव लिहिलं असतं तर नानांचं नाव गेलंच नसतं आणि ते बोललेही नसते, फक्त पुढच्या वर्षी दार उघडलं नसतं. दुसरी एक रक्कम किराणा दुकानाच्या नावाने आली होती पण दिली होती दुकानातल्या दोघा भावांनी मिळून. अशा ११ रकमा निघाल्या आणि अकराही जणांना फोन केला, एकच प्रश्न विचारला, नाव कसं लिहायचं. सात जणांनी वेगळंच नाव सांगितलं. दोघांनी सांगितलं आईच्या स्मरणार्थ लिही. एकाने सांगितलं लिहूच नको, आणि ते पण मी पाळलं, तिथे "एक हितचिंतक" एवढंच.

म्हणून आता माझं असं झालंय की मोबाईलवर पैसे आले की त्याच मिनिटाला परत फोन करून नाव विचारायचं आणि पावती फाडायची. मग मागून शोधत बसावं लागत नाही.

स्टेजवर जाहीर झालेल्या रकमांचं सांगतो. दोन नावं अशी होती की जाहीर झालं होतं पण सोमवारपर्यंत पैसे जमा नव्हते. काही जण म्हणाले लिहून टाक, वाईट दिसतं. काही म्हणाले लिहूच नको, आले तर बघू. मी दोन्ही नाही केलं. लिहिलं असतं तर हिशोबाला बसल्यावर आकडे जुळले नसते आणि ज्यांनी खरोखर दिले त्यांच्यावर अन्याय. नुसतं वगळलं असतं तर त्या माणसाला वाटेल मला चारचौघात पाडलं. मी दोघांना फोन केला आणि पैशाचं बोललोच नाही, एवढंच म्हटलं, अप्पा, बुधवारी रात्री यादी जाणार आहे, पावती बुधवारी संध्याकाळपर्यंत फाडली तर पहिल्या यादीत नाव येतं, नाहीतर आठ दिवसांनी पुरवणी यादी टाकणार आहे त्यात येईल. एक जण मंगळवारीच ५,००० देऊन गेले, म्हणे कापसाचे पैसे आत्ताच हातात आले. दुसरे पुरवणीत आले. मेसेजमध्ये मी मथळाच तसा दिला, "बुधवारपर्यंत जमा झालेल्या देणग्या".

नावांचा क्रम हा पण मोठा विषय आहे आमच्याकडे. मागच्या वर्षी रकमेप्रमाणे लावला होता, मोठा आकडा वर. त्याने काय झालं की ज्या मावशीने बचतगटाच्या पैशातून २०० दिले तिचं नाव सगळ्यात खाली, आणि तिच्या सुनेने मला गल्लीत विचारलं की भाऊ आमचं नाव शेवटी का. उत्तर नव्हतं माझ्याकडे. यंदा आडनावाच्या अक्षराप्रमाणे लावले आणि रक्कम यादीत टाकलीच नाही. रक्कम पूर्ण हिशोबात आहे, तो चावडीच्या फळ्यावर लावलाय, ज्याला पाहायचं त्याने पाहावं. जमा १,१८,४०० आणि खर्च १,१४,९५०, शिल्लक ३,४५०. फक्त स्मरणार्थ बक्षिसं वेगळी लिहिली कारण ती त्या त्या बक्षिसाला जोडलेली असतात. प्रथम २१,०००, द्वितीय १५,०००, तृतीय ११,०००, चतुर्थ ७,०००, प्रत्येकामागे एका घरातलं गेलेलं माणूस आहे, आणि तिथे "कैलासवासी" की "स्वर्गवासी", वडिलांचं पूर्ण नाव की नुसतं "आबा", हे सगळं घरच्यांना विचारून लिहिलं. पारोळ्याच्या कॅप्टनने द्वितीय बक्षीस घेतलं तेव्हा ते ज्या आजोबांच्या नावाने होतं त्यांचा नातू स्टेजवर होता, तो आणि कॅप्टन दोघांचा एकत्र फोटो आम्ही त्या घरी फ्रेम करून देणार आहोत. तेवढं शिल्लकीतून होतं.

जळगावच्या एका दुकानदारांनी जाहिरातीचा मोठा फलक दिला होता, त्यांनी विचारलं आयकरात सूट मिळायला ८० जी ची पावती मिळेल का. नाही मिळत. आमच्या मंडळाची नोंदणी आहे पण ८० जी ची मान्यता वेगळी घ्यावी लागते आणि ती आम्ही घेतलेली नाही, आणि असती तरी २,००० च्या वर रोख दिलं तर सूट बसत नाही. त्यांना मी साफ सांगितलं. मग त्यांनी म्हटलं ठीक आहे, फलक लावल्याचा फोटो आणि साधी पावती द्या, मी आमच्या सीएला विचारतो जाहिरात खर्चात बसतं का. तर फोटो पाहिजे होता, आणि आमच्याकडे ४०० फोटो खेळाचे आणि त्यांच्या फलकाचा एकही सरळ नाही! एका फोटोत अर्ध्या फलकासमोर पोरं उभी. शेवटी व्हिडिओ थांबवून त्यातून काढला. पुढच्या वेळी मैदान रिकामं असताना, शनिवारी दुपारी दोनलाच, एका पोराने सगळ्या फलकांचे एकेक फोटो काढून ठेवायचे.

पैसे देणाऱ्यांची यादी तरी कागदावर असते. ज्यांनी काम केलं त्यांची कुठेच नसते. मंगळवारी रात्री मी एकट्याने आठवून ३४ नावं लिहिली आणि मला वाटलं झालं. मग बुधवारी संध्याकाळी ओट्यावर पाच जणांना बोलवलं, मुद्दाम वेगवेगळ्या कामातले. मैदान आखणारा, जेवणाचं बघणारी काकू, लाइटवाला, संघांची राहण्याची सोय बघणारा आणि गुणलेखक सरांसोबत बसलेली एक बारावीची मुलगी. मी यादी मोठ्याने वाचली. वाचून होईपर्यंत ३४ ची ५२ झाली. प्रत्येक जण आपापल्या कोपऱ्यात कोण होतं ते सांगत गेला. काकू म्हणाल्या बट्ट्या तळायला रात्री कोण होतं ते तुला माहीतच नाही, तू मैदानात होता. १६ संघ, एकेका संघाचे १२ गडी आणि एक कोच, म्हणजे २०० च्या वर माणसं, त्यांना दोन वेळ वरण-बट्टी, आणि वांग्याची घोटलेली भाजी. पाच बायांनी खळ्यात चूल मांडून केलं. त्यातल्या दोघींची नावं माझ्या यादीत होती, तीन नव्हत्या.

नावं वाढली तशी नुसती नावं लिहायची की काम पण लिहायचं हा प्रश्न आला. मी काम लिहायचं ठरवलं. नुसतं "सर्व स्वयंसेवकांचे आभार" लिहिलं तर ते कोणाच्याच घरी पोहोचत नाही. उदाहरण सांगतो. रविवारी रात्री ९ नंतर दव पडायला लागलं. माती असती तर दव मुरतं, मॅटमध्ये मुरत नाही, वरच्यावर बसून राहतं आणि पाय असा सटकतो की गुडघाच जातो. दुसऱ्या सेमीच्या आधी सरावाला आलेला एक रेडर नुसता वळायला गेला आणि बसला. पंचांनी सामना थांबवला, बरोबर केलं. मॅटचे तुकडे एक मीटर बाय एक मीटरचे, मैदान १३ बाय १०, म्हणजे १३० तुकडे पुसायचे, आणि ओल्या फडक्याने पुसलं तर आणखी ओलं होतं. सहा पोरं घरी पळाली, कोणी आईची जुनी सुती लुगडी आणली, कोणी वडिलांचं धोतर, आणि कोरड्या कापडाने रांगेने, मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना पुसत गेली. दहा मिनिटांत सामना सुरू. पुढे फायनल संपेपर्यंत प्रत्येक हाफला तेच. माझ्या मेसेजमध्ये ती ओळ अशी आहे, "दव पडल्यावर घरच्या सुती कापडाने मॅट कोरडी करणारी सहा पोरं", आणि पुढे सहा नावं. त्यातल्या एकाच्या आईने मला विचारलं की लुगड्याचं पण लिहिलं का. हो, लिहिलं.

एवढं करून एक नाव सुटलंच.

पाण्याचा टँकर. यादीत ट्रॅक्टर-टँकर देणाऱ्या शेतकरी दादांचं नाव होतं, मालकाचं. चालवणाऱ्या पोराचं नव्हतं. त्याने दोन दिवसात सात खेपा मारल्या, नदीकाठच्या विहिरीवरून, धूळ उडू नये म्हणून मैदानाच्या कडेला पाणी मारलं, बायांच्या चुलीजवळ पिंप भरले. ओट्यावरच्या पाच जणांपैकी कोणाच्याच कामात तो नव्हता, तो सगळ्यांच्या कामात होता म्हणून कोणालाच आठवला नाही. बुधवारी रात्री ९ ला मेसेज गेला आणि गुरुवारी सकाळी मला अंघोळ करताना आठवलं. तसाच त्याच्या घरी गेलो. तो गोठ्यात होता. मी म्हटलं चूक झाली रे, तुझं नाव राहिलं. तो हसला आणि म्हणे, "जाऊ द्या ना भाऊ, नाव नही उनं ते काय व्हयनं, टँकर ते पोहोचनं ना टाइमवर." पण त्याची आई ओट्यावर गहू निवडत होती, ती काही बोलली नाही, तिने मान पण वर केली नाही. मला ते पुरेसं होतं. मी घरी येऊन दुरुस्ती पाठवली. जुन्याच मेसेजमध्ये गुपचूप नाव घुसवायचं असं काही जण सांगत होते, मी नाही केलं, वेगळा मेसेज पाठवला, की "कालच्या यादीत माझ्याकडून एक महत्त्वाचं नाव राहिलं, दोन दिवस सात टँकर पाणी आणणारे", आणि त्याचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. जुन्यात घुसवलं असतं तर ज्यांनी काल वाचलं ते परत कशाला वाचतील.

राहिली शेवटची ओळ, पुढच्या वर्षाची.

ही ओळ लिहिताना माझा हात अडतो कारण मागच्या वर्षी मीच लिहिलं होतं की पुढच्या वर्षी मॅटवर आणि प्रथम बक्षीस ५१,०००. जोशात लिहिलं, फायनलच्या रात्री. मॅट झाली, बक्षीस नाही झालं, पैसे जमलेच नाहीत तेवढे. डिसेंबरमध्ये एका संघाच्या मॅनेजरने फोन करून विचारलं ५१ आहे ना, आम्ही त्या हिशोबाने बाहेरचा एक रेडर बोलावतोय. मला त्याला "नाही" असं सांगावं लागलं आणि तो संघ आलाच नाही. तेव्हापासून ठरवलं की आकडा नाही, तारीख नाही, आणि ज्याने अजून हो म्हटलं नाही त्याचं नाव नाही.

पण यंदा सांगण्यासारखं एक होतं आणि ते न सांगणं मला जमलं नसतं. गुणलेखक सरांजवळ बसलेली ती बारावीची मुलगी, ओट्यावर यादी वाचून झाल्यावर म्हणाली, काका, पुढच्या वर्षी आम्ही फक्त गुणच लिहायचे का? शाळेत त्यांचा संघ आहे, तालुक्याला खेळून आल्यात. आशियाई स्पर्धेत मुलींची कबड्डी २०१० पासून आहे आणि आमच्या गावात मुलींचा एक सामना आम्ही कधी ठेवला नाही. मला उत्तर सुचलं नाही, त्या रात्री सरांसोबत बसून मी हिशोब काढला की नुसता विचार करायला तरी काय काय लागेल. मुलींचं मैदान १२ बाय ८, म्हणजे हीच मॅट चालते, फक्त रेषांची पट्टी काढून दुसरी लावायची. सामना १५-१५ मिनिटांचा, मध्ये ५ मिनिटं, म्हणजे पुरुषांपेक्षा कमी वेळ. आठ संघ घेतले तर तिसऱ्या नंबरसकट आठ सामने, एक दिवस, आणि तो पूर्ण दिवस उजेडातच संपवता येतो, सकाळी ९ ला सुरू केलं तर. दवाचा प्रश्न नाही, रात्रीच्या प्रवासाचा प्रश्न नाही. अडतं कुठे तर कपडे बदलायची खोली आणि पाणी असलेलं शौचालय. शाळेच्या दोन खोल्या आहेत, एका शौचालयाचं दार तुटलेलं आहे. महिला पंच पाहिजेत आणि त्यांना आधीच सांगावं लागेल.

हे सगळं मेसेजमध्ये नाही टाकलं. तिथे एवढंच लिहिलं, "पुढच्या हंगामात मुलींचा गट घेता येईल का याची चाचपणी सुरू आहे. शाळेतल्या शौचालयाचं दार आणि कपडे बदलायच्या खोलीची सोय आधी करायची आहे. ज्यांना यात हात लावायचा आहे त्यांनी होळीच्या आत भेटावं." स्पर्धा होणार असं लिहिलं नाही. काय अडतंय ते लिहिलं. यंदा असं झालं की लोकांनी "वा छान" म्हणण्याच्या ऐवजी काम विचारलं. शुक्रवारी गावातला सुतार आला, दाराचं माप घेऊन गेला, पैसे विचारले तर म्हणे सागाचा तुकडा पडलेला आहे घरी, बघू. एका आजींनी निरोप पाठवला की पोरींचं जेवण खळ्यातच करू, पण यावेळी बट्टीला रवाळ पीठ आधी दळून ठेवा.

मॅट शनिवारी परत गेली. तीन तुकड्यांचे दात तुटले होते, त्याचे पैसे अनामत रकमेतून कापले, तो खर्च पण फळ्यावर लिहिला. मॅट गाडीत भरायला टँकरवाला पोरगा न बोलावता आला होता. गाडी निघायच्या आधी त्या मुली आल्या, पाच जणी, आणि म्हणाल्या रेषांची उरलेली पट्टी आहे का. दीड गुंडाळी होती, दिली. आता शाळेच्या मागे मातीवर चुन्याने १२ बाय ८ आखलंय त्यांनी, पट्टी मातीवर चिकटत नाही म्हणून ती तशीच ठेवलीय, आणि सर संध्याकाळी साडेपाचला शिट्टी घेऊन जातात.